गुऱ्हाळाचा सरासरी उत्पादनखर्च

गुळाचा सरासरी उत्पादनखर्च म्हणजे हंगामातील एकूण खर्चास तयार झालेल्या गुळाच्या क्विंटलांनी भागून येणारी रक्कम होय. गूळ जितका अधिक, तितका हा खर्च कमी, असा सर्वसाधारण समज आहे. तो काही मर्यादेपर्यंतच खरा आहे.

उदाहरणादाखल एक गुऱ्हाळ घेऊ. चरकाचे भाडे, काहील, चुलवाण व मांडव यांस हंगामात ९०,००० रुपये लागतात. गूळ कितीही निघो, ही रक्कम बदलत नाही. ऊस व मजुरी यांस दर क्विंटल गुळास ३,६०० रुपये लागतात. खर्च एवढाच असता, तर १०० क्विंटलांस सरासरी ४,५०० रुपये आणि ९०० क्विंटलांस ३,७०० रुपये पडली असती. उत्पादन वाढेल तसतशी ती ३,६०० च्या अधिकाधिक जवळ जाते. परंतु तेथे कधीच पोहोचत नाही.

प्रत्यक्षात हंगाम उन्हाळ्यात लांबला की उसाचा उतारा घटतो, रात्रपाळीची मजुरी वाढते व चरक वरचेवर दुरुस्तीस येतो. यामुळे उत्पादनात एका क्विंटलची भर पडली की सरासरीत १ रुपयाची भर पडते, असे मानू. उत्पादन ‘क’ क्विंटल धरल्यास,

सरासरी खर्च = (९०,००० ÷ क) + ३,६०० + क

छेदात चलराशी असलेल्या अशा राशीस गणितात परिमेय फलन म्हणतात. हिशेब केल्यास १०० क्विंटलांस ४,६००, २०० स ४,२५०, ३०० स ४,२००, ४०० स ४,२२५ व ९०० क्विंटलांस पुन्हा ४,६०० रुपये येतात. उत्पादन फार वाढले की पहिले पद नगण्य होते आणि खर्च जवळजवळ ‘३,६०० + क’ या चढत्या रेषेने वाढत राहतो.

सर्वांत कमी खर्चाचे उत्पादन काढणे सोपे आहे. पहिल्या व शेवटच्या पदांचा गुणाकार नेहमी ९०,००० च राहतो. गुणाकार स्थिर असलेल्या दोन संख्यांची बेरीज त्या समान असताना किमान होते. म्हणून क चा वर्ग ९०,००० आणि क = ३००.

मात्र किमान खर्च म्हणजे कमाल नफा नव्हे. गुळास ४,३०० रुपये भाव मिळाल्यास ३०० क्विंटलांवर नफा ३०,००० रुपये होतो, तर ३५० क्विंटलांवर ३२,५०० रुपये. ४०० क्विंटलांवर तो पुन्हा ३०,००० वर येतो.

प्रत्येक गुऱ्हाळाचे आकडे निराळे असतात. यास्तव दर आठवड्याचा वाढीव खर्च व त्या आठवड्याचा गूळ वहीत स्वतंत्र नोंदवावा. त्या आठवड्याचा दर क्विंटल वाढीव खर्च आजवरच्या सरासरीहून कमी असेल, तोवर सरासरी उतरत असते. तो अधिक झाला की ती चढू लागते. तो बाजारभावाहूनही अधिक झाल्यास गाळप थांबवणेच हिताचे होय.