एकाच निफ्टीचे दोन फंड

निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात शेअर निवडण्याचं काम कुणालाच करायचं नसतं. पन्नास कंपन्या कोणत्या आणि कुणाचं वजन किती, हे एनएसईची निर्देशांक कंपनी ठरवते आणि फंडाने ते तसंच्या तसं उतरवून घ्यायचं. बहुतेक प्रत्येक फंड घराण्याकडे असा एक फंड आहे. माल एकच, मग निवडायचं कशावरून? बहुतेक जण एक्स्पेन्स रेशो बघतात आणि सर्वांत स्वस्त फंडावर बोट ठेवतात. पण एक्स्पेन्स रेशो म्हणजे दुकानदाराने सांगितलेला भाव. घरी येऊन वजन केल्यावर पिशवीत किती भरलं, ते सांगतो ट्रॅकिंग डिफरन्स, म्हणजे फंडाचा परतावा वजा निर्देशांकाचा परतावा.

हा आकडा फंड घराण्यांना आपल्या संकेतस्थळावर आणि ॲम्फीच्या संकेतस्थळावर दर महिन्याला द्यावा लागतो. सेबीचा तसा नियम २०२२ पासून आहे. तरी एकदा तो स्वतः काढून बघावा असं माझं मत आहे, कारण काढताना गोम कळते. दोन फंड घेऊ. नावं नकोत, अ आणि ब म्हणू, आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत असे गोल धरू. दोन्हींचा डायरेक्ट प्लॅन, ग्रोथ पर्याय. एकाचा डायरेक्ट आणि दुसऱ्याचा रेग्युलर घेतला, तर तुलना फंडांची न होता वितरकाच्या कमिशनची होते.

दोन्हींची एनएव्ही amfiindia.com वर मिळते. एक तारीख आजची आणि एक बरोबर वर्षापूर्वीची, दोन्ही दिवशी बाजार चालू असलेला. निर्देशांकाचा आकडा niftyindices.com वरून घ्यायचा, पण टीव्हीवर दिसतो तो निफ्टी नव्हे. त्या निफ्टीत फक्त भाव मोजले जातात, लाभांश नाही. फंडाला मात्र पन्नास कंपन्यांचा लाभांश मिळतो आणि तो एनएव्हीत जमा होतो. वर्षाचा हा लाभांश एक-सव्वा टक्क्याच्या आसपास भरतो, त्यामुळे भावाच्या निफ्टीशी तुलना केली तर सुमार फंडही निर्देशांकाच्या पुढे पळालेला दिसतो. म्हणून टोटल रिटर्न इंडेक्स, म्हणजे टीआरआय घ्यायचा. फंडांनी याच मापाशी तुलना करावी, हे बंधन सेबीने २०१८ मध्ये घातलं.

समजा टीआरआय ३०,००० वरून ३३,६०० वर गेला, म्हणजे १२ टक्के. अ फंडाची एनएव्ही १४० वरून १५६.५२ झाली, म्हणजे ११.८ टक्के. ब फंडाची २५ वरून २७.९२५, म्हणजे ११.७ टक्के. अ निर्देशांकाच्या ०.२० टक्के मागे आणि ब ०.३० टक्के मागे. आता एक्स्पेन्स रेशो बघू. अ चा आहे ०.२० आणि ब चा ०.१०. अ मध्ये जेवढं सांगितलं तेवढंच गेलं. ब स्वस्त असूनही मागे राहिला. सांगितलेल्या ०.१० शिवाय आणखी ०.२० टक्के कुठेतरी गळलं आहे.

ही गळती शोधणं हा या कामातला खरा रंजक भाग. पहिला संशय खुद्द एक्स्पेन्स रेशोवरच घ्यायचा. आज दिसणारा ०.१० वर्षभर होता का? हा दर फंड घराणं बदलू शकतं, फक्त तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. नऊ महिने ०.३० आकारून गेल्या तिमाहीत ०.१० केला असेल, तर वर्षाची सरासरी ०.२५ निघते आणि गळतीचा मोठा भाग तिथेच उलगडतो. जुने दर फंड घराण्याच्या संकेतस्थळावर सापडतात. आपल्या ब फंडाचा दर वर्षभर ०.१० च होता असं धरू.

दुसरा संशय पडून राहिलेल्या रोख रकमेवर. पैसे काढणाऱ्यांसाठी फंड थोडी रोकड हाताशी ठेवतो. ती किती, हे महिन्याच्या पोर्टफोलिओत लिहिलेलं असतं. समजा ०.४ टक्के आहे. निर्देशांक १२ टक्के वाढला आणि रोकडीवर ६ टक्के सुटले, तर नुकसान सहा टक्क्यांचं, पण ते ०.४ टक्के पैशांवर. म्हणजे एकूण जेमतेम ०.०२४ टक्के. रोकडीला उगाच दोष दिला जातो, एवढाच याचा अर्थ. शिवाय पडत्या बाजारात हीच रोकड फंडाला सावरते, म्हणून मंदीच्या वर्षातला देखणा ट्रॅकिंग डिफरन्स बघून हुरळू नये.

मग उरतो खरेदी-विक्रीचा खर्च, आणि इथे फंडाचा आकार आडवा येतो. ब लहान आहे आणि झपाट्याने वाढतोय. रोज नवे पैसे येतात आणि रोज पन्नास शेअर घ्यावे लागतात. प्रत्येक खरेदीवर ०.१ टक्का एसटीटी आणि ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क. निर्देशांक बंद भावाने मोजला जातो, फंडाला मात्र बाजारात मिळेल त्या भावाने घ्यावं लागतं. ती तफावत वेगळीच. नव्या माणसाच्या पैशांनी शेअर घेण्याचा हा खर्च जुन्या युनिटधारकांच्या माथीही बसतो. वर्षात दुप्पट झालेल्या फंडाला तो जाणवतो, मोठ्या जुन्या फंडाला फारसा नाही. म्हणून ब ची त्याआधीच्या वर्षाची गळतीही काढायची. ती याहून मोठी असेल, तर फंड वयात येतोय. यंदाची गळती तेवढीच किंवा वाढलेली असेल, तर काम करणाऱ्यांचे हात ढिले आहेत.

कधी दोष कुणाचाच नसतो. २० जुलै २०२३ रोजी रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली आणि निफ्टी ५० मध्ये काही काळ एक्कावन्न शेअर होते. नवा शेअर २१ ऑगस्टला बाजारात आला. काही दिवसांत तो निर्देशांकातून जायचा होता, पण लोअर सर्किट लागत राहिलं. सर्किट लागलं की विकायला सगळे असतात आणि घ्यायला कुणी नसतं. निर्देशांकाने तेव्हाच तो काढला असता, तर फंडांच्या हातात तो अडकून पडला असता आणि सगळ्यांचाच ट्रॅकिंग डिफरन्स बिघडला असता. निर्देशांक कंपनीने वगळण्याची तारीख पुढे ढकलली, म्हणून बरंचसं निभावलं. एखाद्या वर्षाचा आकडा विचित्र दिसला, तर इतर चार फंडांचा त्याच वर्षाचा आकडा बघावा. सगळेच घसरले असतील, तर कारण बाहेरचं.

एक सावधगिरी. तक्त्यात शेजारीच ट्रॅकिंग एरर नावाचा रकाना असतो. तो रोजच्या फरकातला चढउतार मोजतो, एकूण तूट नव्हे. दरवर्षी अर्धा टक्का अगदी शिस्तीत गमावणाऱ्या फंडाचा ट्रॅकिंग एरर फार सुंदर दिसतो.

अ आणि ब मध्ये मी आज अ घेईन. पण फरक ०.१० टक्क्याचा आहे, म्हणजे पाच लाखांवर वर्षाला पाचशे रुपये. ज्याचे पैसे आधीच ब मध्ये आहेत त्याने काय करावं? समजा त्याचे पाच लाखांचे आठ लाख झाले आहेत आणि वर्ष उलटून गेलंय. सगळं काढलं तर नफा तीन लाख, सव्वा लाख करमुक्त, उरलेल्या पावणेदोन लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे २१,८७५ रुपये कर आणि वर सेस. बदल्यात वर्षाला आठशे रुपये सुटणार. हा कर पुढे कधीतरी द्यायचाच आहे हे खरं, पण आठशे रुपयांसाठी तो आजच भरण्यात हशील नाही. जुने युनिट ब मध्येच राहू द्यावेत, एसआयपी थांबवून अ मध्ये सुरू करावी, आणि पुढच्या मार्चनंतर ब ची गळती पुन्हा एकदा काढावी.