पायपीट किती, मजल किती

3 जून 2024 रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या आदल्या दिवशी, निफ्टी 23,264 अंकांवर बंद झाला. मतमोजणीच्या दिवशी तो 1,379 अंकांनी कोसळला. पुढच्या तीन दिवसांत अनुक्रमे 736, 201 आणि 469 अंकांनी चढून शुक्रवारी, 7 जूनला, तो 23,290 वर स्थिरावला. चार दिवसांत बाजाराची वर-खाली मिळून पायपीट झाली 2,785 अंकांची, आणि मजल मारली गेली अवघ्या 26 अंकांची.

शेअर बाजारात पैसे लावण्याच्या पद्धती ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात ट्रेंडच्या मागे जायचे असते. भाव जुना उच्चांक मोडून वर गेला की खरेदी करायची आणि चाल टिकेल तोवर सौदा धरून ठेवायचा. दुसऱ्या प्रकारात भाव एका पट्ट्यात फिरत राहील असे गृहीत धरतात आणि पट्ट्याच्या तळाशी घेऊन माथ्याशी विकतात. दोन्हींत पैसा मिळतो, पण एकीला जे हवामान मानवते तेच दुसरीला मारते. पट्ट्यात अडकलेल्या बाजारात ट्रेंडवाला प्रत्येक उसळीला खरेदी करतो आणि प्रत्येक घसरणीला स्टॉपलॉस खाऊन बाहेर पडतो. म्हणून पद्धत निवडण्याआधी बाजार चालतो आहे की घुटमळतो आहे, हे मोजायला हवे. चढउतारांच्या आकारावरून ते कळत नाही. जून 2024 चा तो आठवडा प्रचंड हालचालीचा होता, पण त्या चार दिवसांच्या शेवटी बाजार होता तिथेच होता.

अमेरिकी लेखक-ट्रेडर पेरी कॉफमन यांचा एफिशियन्सी रेशो, म्हणजे कार्यक्षमता गुणोत्तर, नेमके हेच मोजतो. ठरावीक दिवसांतल्या निव्वळ बदलाला त्याच काळातल्या रोजच्या बदलांच्या बेरजेने भागायचे. चढ असो वा उतार, बेरीज करताना उणे चिन्ह सोडून द्यायचे. भाव रोज एकाच दिशेने सरकला तर उत्तर 1 येते आणि फिरून मूळ जागी आला तर 0. वरच्या चार दिवसांचे उत्तर येते 0.01.

इथे एक गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. रोज नाणे उडवून भाव वर की खाली हे ठरवले, तरी हे गुणोत्तर शून्यावर येत नाही. निव्वळ यादृच्छिक चालीत मजल दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 10 दिवसांच्या खिडकीत नाणेफेकीचे सरासरी उत्तर 0.32 च्या आसपास असते, 20 दिवसांच्या खिडकीत 0.22 आणि 4 दिवसांच्या खिडकीत 0.5. म्हणजे 10 दिवसांचा आकडा 0.3 दिसला म्हणून थोडाफार ट्रेंड आहे असे समजणारा माणूस प्रत्यक्षात नाणेफेक पाहत असतो. एका खिडकीसाठी ठरवलेली मर्यादा दुसऱ्या खिडकीला लावणेही तितकेच चुकीचे आहे.

खरा ट्रेंड कसा दिसतो, याचे उदाहरण मार्च 2020 मध्ये सापडते. 6 मार्चला 10,989 वर बंद झालेला निफ्टी 10 सत्रांनंतर, 23 मार्चला, 7,610 वर आला. मजल 3,379 अंकांची, पायपीट 5,087 अंकांची आणि गुणोत्तर 0.66, म्हणजे नाणेफेकीच्या दुप्पट.

याच काळातला 13 मार्चचा दिवस मात्र या मापाची एक उणीव दाखवतो. त्या सकाळी बाजाराला खालचे सर्किट लागून व्यवहार थांबले. निफ्टीने 8,555 चा तळ पाहिला आणि तिथून तब्बल 1,400 अंक उसळून तो 9,955 वर बंद झाला. कॉफमन यांचे माप फक्त बंद भाव पाहते, त्यामुळे त्याच्या हिशेबात हा दिवस केवळ 365 अंकांच्या चढाचा ठरला. दिवसभराची उलथापालथ त्याला दिसलीच नाही.

ती उलथापालथ चॉपिनेस इंडेक्सला दिसते. ऑस्ट्रेलियातले कमोडिटी ट्रेडर ई. डब्ल्यू. ड्राइस यांच्या नावावर असलेले हे माप बहुधा 14 दिवसांसाठी काढतात. प्रत्येक दिवसाचा नीचांक ते उच्चांक हा पल्ला घ्यायचा, आदल्या बंद भावापासून भाव उडी मारून उघडला असेल तर ती उडीही त्यात धरायची आणि चौदा पल्ल्यांची बेरीज करायची. मग संपूर्ण 14 दिवसांतला सर्वोच्च आणि सर्वात नीच भाव यांच्यातल्या अंतराने तिला भागायचे. येणाऱ्या पटीला लॉगॅरिदमच्या साहाय्याने 0 ते 100 च्या मापात बसवतात. रोजचे पल्ले एकमेकांवर चढले नाहीत तर निर्देशांक 0 कडे जातो, सगळे एकाच जागेवर रचले गेले तर 100 कडे. आकडा जितका मोठा तितका बाजार घुटमळणारा, म्हणजे कॉफमन यांच्या मापाच्या उलट.

चार्टवर यासाठी 61.8 आणि 38.2 अशा दोन रेघा असतात. त्या फिबोनाची गुणोत्तरांवरून घेतल्या आहेत. बाजाराच्या अभ्यासातून निघालेल्या नाहीत. पटींच्या भाषेत त्या जास्त चांगल्या उमगतात. पल्ल्यांची बेरीज एकूण अंतराच्या 5.1 पटीहून जास्त असेल तर बाजार पट्ट्यात, 2.7 पटीहून कमी असेल तर ट्रेंडमध्ये. नाणेफेकीच्या बाजाराची पट सुमारे 3.7, आणि तिचा निर्देशांक येतो 50. मधल्या पट्ट्यातला आकडा कोणत्याच पद्धतीच्या बाजूने कौल देत नाही, आणि निर्देशांक बराच काळ तिथेच रेंगाळतो. अशा वेळी सौद्याचा आकार कमी ठेवणे किंवा बाजूला राहणे हेच त्या आकड्याला धरून आहे.

दोन्ही मापांची मोठी मर्यादा म्हणजे ती मागे पाहतात. 23 मार्च 2020 च्या संध्याकाळी 0.66 हा आकडा पाहून ज्याने मंदीचा सौदा केला असेल, त्याने त्या घसरणीतल्या सर्वात खालच्या बंद भावावर विक्री केली. दोन दिवसांनी, गुढीपाडव्याला, निफ्टी 8,318 वर बंद झाला आणि 26 मार्चला 8,641 वर. तीन सत्रांत हजाराहून अधिक अंक विरुद्ध गेले. 26 मार्चला 10 दिवसांचे गुणोत्तर 0.20 पर्यंत घसरले होते. जुनी घसरण आणि नवी तेजी एकाच खिडकीत आल्याने एकमेकींना खात होत्या. बाजार वळला होता, पण माप त्याला घुटमळणे म्हणत होते.

यामुळे कॉफमन यांनी गुणोत्तराचा उपयोग हो किंवा नाही असा निकाल देण्यापेक्षा वेगळ्या रीतीने केला. त्यांच्या अडॅप्टिव्ह मूव्हिंग अ‍ॅव्हरेजमध्ये, चार्टवर दिसणाऱ्या KAMA मध्ये, हे गुणोत्तर सरासरीचा वेग ठरवते. ते वाढले की सरासरी 2 दिवसांच्या सरासरीसारखी चपळ होऊ लागते, कमी झाले की 30 दिवसांच्या सरासरीकडे झुकते. आलेल्या वेगाचा पुन्हा वर्ग करतात, त्यामुळे घुटमळत्या बाजारात ती जवळजवळ थबकते आणि खोटे इशारे कमी होतात. वरच्या आकड्यांवरून हिशेब केला, तर 23 मार्चला ही सरासरी भाव आणि स्वतःमधले अंतर दिवसाला सुमारे 22 टक्क्यांनी कापत होती. 26 मार्चला हा वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरला होता. म्हणजे मंदीचा सौदा सांभाळणाऱ्याला ही रेघ वेळेत वर सरकून सावध करणार नव्हती. त्याला वाचवायला आधीच लावलेला स्टॉपलॉसच हवा होता.