सांधेदुखी की पाणी? हाडांचा फ्लोरोसिस कसा ओळखायचा

मंडळी, एक रुग्ण समोर ठेवू. पंचेचाळिशीची, शेतात मजुरी करणारी बाई. कंबर आखडलेली, खाली वाकून बोटं पायाला लागत नाहीत, हनुवटी छातीला टेकत नाही. सगळे म्हणतात, संधिवात. दात मात्र स्वच्छ आहेत, म्हणून फ्लोराइडचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

इथेच फसगत होते. दातांवर डाग पडतात ते दात घडत असताना, म्हणजे बालपणी, तसं पाणी पोटात गेलं तरच. ही बाई लग्न होऊन या गावात आली. दात आधीच तयार झाले होते, हाडं मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षं फ्लोराइड साठवत राहिली.

हिशेब करा. बोअरच्या पाण्यात लिटरला ४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि उन्हात राबणारी ही बाई दिवसाला ५ लिटर पाणी पिते. झाले २० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रोज एकूण १४ मिलिग्रॅम पोटात गेलं तर हाडांना धोका स्पष्ट दिसतो. भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅमचं आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

एक्स-रेमध्ये मणका आणि कटीची हाडं खडूसारखी पांढरी, दाट दिसतात. पण पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला तरी हाड पांढरं दिसतं. म्हणून मी म्हणेन, कोपराखालच्या हाताचा एक्स-रे जरूर काढा. तिथल्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साचून काट्यासारख्या रेघा दिसल्या, तर निदान जवळजवळ पक्कं. पुढे मणक्यातले बंध कडक होतात, मज्जारज्जू दाबला जातो आणि पाय लुळे पडू लागतात. कडक झालेले बंध सैल करणारं औषध नाही.

आपल्याकडे हा आजार १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून नोंदवला गेला. नंतर नाव झालं तेलंगणातल्या नलगोंड्याचं. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या काही गावांतही असं पाणी आहे. ग्रॅनाइटसारख्या खडकातलं फ्लोराइड पाण्यात विरघळतं, आणि पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर जास्तच. त्यामुळे कित्येकदा बोअर जितकी खोल, तितका धोका अधिक. शेजारची उथळ विहीर बरी निघू शकते, पण तपासूनच.

पाणी उकळू नका. वाफ जाते, फ्लोराइड मागे राहतं, उलट दाट होतं. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुन्याची ‘नलगोंडा पद्धत’ काढली: ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. पद्धत स्वस्त आहे, पण तुरटीचं माप प्रत्येक पाण्याला वेगळं लागतं आणि गाळ रोज कुठेतरी टाकावा लागतो. गावात ही यंत्रं बंद पडतात ती बहुधा इथेच. त्यापेक्षा पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं नदीचं किंवा पावसाचं पाणी मिळालं, तर ते टिकतं. जोडीला दूध, नाचणी हवीच, कारण कॅल्शियम कमी असलेल्या मुलांचे गुडघे याच पाण्याने आत वळतात.