थकबाकी हाताने लिहू नका

नाशिकला सातपूरमध्ये मावशीच्या घरामागे सहा खोल्यांची ओळ आहे आणि रस्त्याच्या बाजूला एक दुकानगाळा. खोल्यांत कारखान्यात कामाला जाणारी मुलं राहतात. भाडं दर महिन्याच्या ५ तारखेला द्यायचं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात ते पगार होईल तसं, कधी अर्धं, कधी दोनदा मिळून येतं. काका होते तोवर हिशेब त्यांच्या डोक्यात असे. ते गेल्यावर मावशीने लांबट वही घातली. उभ्या बाजूला खोल्या, आडव्या बाजूला महिने, आणि पैसे आले की चौकटीत आकडा. पुढे भाच्याने, म्हणजे मी, तीच वही जशीच्या तशी कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये उतरवून दिली आणि आपण मोठं काम केलं असं मला वाटलं.

गेल्या वर्षी जुलैअखेर तीन नंबरच्या खोलीवरून वाद झाला. भाडं ६,५०० रुपये. एप्रिलच्या चौकटीत ६,५००, मेच्या चौकटीत ४,०००, जूनमध्ये ६,५०० आणि जुलैमध्ये ८,०००. मावशी म्हणाली, मे महिन्याचे अडीच हजार बाकी आहेत. मुलगा म्हणाला, "काकू, जुलैला आठ हजार दिले की, मेचं त्यातच आलं." खरं तर दोघंही चुकत होते. चार महिन्यांचं येणं २६,००० आणि आलेले २५,०००. बाकी एक हजार, आणि ती मेची की जुलैची हे आमच्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते आठ हजारही एकदम आले नव्हते. १० जुलैला पाच हजार आणि २८ जुलैला तीन हजार अशा दोन हप्त्यांत आले होते. एका चौकटीत एकच आकडा बसतो, त्यामुळे मावशीने बेरीज करून लिहिलं आणि तारखा गेल्या.

या महिनेवार तक्त्याचा दोष नीटनेटकेपणाचा नाही. तो एकाच चौकटीकडून दोन वेगळ्या गोष्टी सांगण्याची अपेक्षा करतो. ५ जुलैला ६,५०० रुपये येणं झालं, ही एक घटना. ती भाडेकरूने काही केलं नाही तरी घडते. १० जुलैला पाच हजार आले, ही दुसरी. या दोन घटनांची संख्यासुद्धा जुळत नाही, कारण एका महिन्याच्या भाड्याचे तीन हप्ते होऊ शकतात आणि एका हप्त्यात दोन महिने फिटू शकतात. म्हणून त्या वेगवेगळ्या पानांवर, एका घटनेला एक ओळ अशा लिहायच्या. थकबाकी ही घटनाच नाही. ती या दोन पानांतली वजाबाकी आहे. ती हाताने लिहिली की चुकते.

मग मी फाईल नव्याने मांडली. तीन पानं केली आणि सूत्रं टाइप करायला सोपी जावीत म्हणून त्यांना इंग्रजी नावं दिली: Units, Due आणि Paid. Units मध्ये प्रत्येक कराराची एक ओळ: कोड, भाडेकरूचं नाव, खोली, करार कधी सुरू, कधी संपतो, डिपॉझिट किती. इथे एक गोष्ट मला ठेच लागल्यावर कळली. कोड खोलीला द्यायचा नाही, कराराला द्यायचा. तीन नंबरमधला मुलगा गेला आणि दुसरा आला तर खोली तीच राहते, पण जुन्याची बाकी नव्याच्या नावावर चढता कामा नये. म्हणून पहिला K3A, पुढचा K3B. आधी मी ३-१, ३-२ असे कोड दिले होते. एक्सेलने त्यांच्या तारखा करून टाकल्या, ३ जानेवारी आणि ३ फेब्रुवारी.

Due मध्ये चार रकाने आहेत. A मध्ये कोड, B मध्ये देय तारीख, C मध्ये रक्कम, D मध्ये त्या ओळीतलं अजून किती थकलंय ते. करार अकरा महिन्यांचा असेल तर अकरा ओळी पहिल्याच दिवशी भरून टाकायच्या. रक्कम मात्र आकडा म्हणून टाइप करायची, Units मधून सूत्राने ओढायची नाही. ओढली तर पुढच्या वर्षी भाडं ६,५०० चं ७,००० केलं की मागचे सगळे महिनेही सात हजारांचे होतात आणि ज्याने पै न् पै दिली त्याच्या नावावर एका रात्रीत थकबाकी उभी राहते. ५ तारखेचं भाडं असेल तर तारखांचा घोळ होत नाही. दुकानगाळ्याचं भाडं महिनाअखेरीला आहे, तिथे झाला. ३१ जानेवारीत EDATE ने एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी येते, आणि त्या ओळीवरून पुढची ओळ काढली की २८ मार्च. मार्चचे तीन दिवस असे गळून जातात. महिनाअखेरीसाठी EOMONTH वापरायचं.

Paid मध्ये जेव्हा पैसे येतील तेव्हा एक ओळ: A मध्ये तारीख, B मध्ये कोड, C मध्ये रक्कम, आणि पुढे रोख की यूपीआय, व्यवहाराचा क्रमांक, शेरा. शेरा लागतोच, कारण पैसे कधी भावाच्या खात्यातून येतात, कधी मित्राच्या. डिपॉझिट या पानावर चढवायचं नाही. ते परत द्यायचे पैसे आहेत. भाड्यात धरलं तर पहिल्याच महिन्यात भाडेकरू चार महिने पुढे दिसतो. जाताना त्यातून भाडं कापून घ्यायचं ठरलं तर त्या दिवशी Paid मध्ये तेवढ्या रकमेची ओळ लिहायची आणि Units मधलं डिपॉझिट तितकंच कमी करायचं.

आता सगळ्या खटाटोपाचं फळ असलेलं सूत्र. Due च्या D2 मध्ये हे लिहायचं आणि खाली ओढत न्यायचं:

```
=MAX(0,MIN(C2,SUMIFS(C:C,A:A,A2,B:B,"<="&B2)
 -SUMIFS(Paid!C:C,Paid!B:B,A2)))
```

दिसायला अवघड आहे, पण काम वाण्याच्या खात्यासारखं करतं. या करारात या तारखेपर्यंत एकूण किती येणं झालं ते मोजतं, त्यातून आजवर आलेले सगळे पैसे वजा करतं आणि उरलेलं या ओळीच्या खात्यावर टाकतं, पण ओळीच्या रकमेपेक्षा जास्त नाही आणि शून्याच्या खाली नाही. तीन नंबरच्या खोलीला लावून बघा. जूनच्या ओळीला तोवरचं येणं १९,५०० आणि आलेले २५,०००, म्हणजे वजाबाकी शून्याखाली, म्हणून जून फिटला. मे आणि एप्रिलही तसेच. जुलैच्या ओळीला येणं २६,०००, आलेले २५,०००, बाकी १,०००. म्हणजे मे फिटला आहे आणि जुलैचे हजार राहिले आहेत. कुणी आगाऊ भाडं दिलं तर पुढच्या महिन्याची ओळ आपोआप कमी होते. एक अट आहे: एका करारात एका तारखेला एकच ओळ हवी. भाडं आणि पाणीपट्टी दोन्ही ५ तारखेला लिहिली तर सूत्र दोन्ही ओळींवर तीच बाकी दाखवतं. पाणीपट्टीला ६ तारीख द्या, काम भागतं.

हे सूत्र आलेला पैसा सगळ्यात जुन्या बाकीवर टाकतं. हा माझा लहरी नियम नव्हे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ५९ ते ६१ मध्ये हाच विषय आहे. देणाऱ्याने हे पैसे अमुक देण्यापोटी असं सांगितलं आणि घेणाऱ्याने ते घेतले तर ते तिथेच जमा धरावे लागतात. त्याने काही सांगितलं नाही तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नाही तर जुनं देणं आधी फिटतं. आमच्या भांडणात दोघांनीही काही ठरवलेलं नव्हतं, म्हणून मे फिटला. पण यूपीआयच्या शेऱ्यात कुणी "जुलै भाडं" असं स्पष्ट लिहून पाठवलं असेल तर हे सूत्र चुकेल. तेव्हा Paid मध्ये 'कोणत्या महिन्यापोटी' असा रकाना घालून ती बाकी वेगळी पाहावी लागते. मावशीकडे असं आजवर एकदाच झालं, म्हणून मी सूत्र बदललं नाही. शेऱ्यात लिहून ठेवलं.

आता Units च्या कडेला प्रत्येक करारासमोर आजची बाकी दिसते:

```
=SUMIFS(Due!D:D,Due!A:A,A2,Due!B:B,"<="&TODAY())
```

शेवटची तारखेची अट नसेल तर पुढच्या मार्चचं भाडंही थकलेलं दिसतं. बाकीच्या शेजारी सगळ्यात जुनी न फिटलेली तारीख MINIFS ने काढली आहे. आकड्यापेक्षा ती जास्त बोलते. पाच हजार बाकी पण तारीख या महिन्याची असेल तर पगार उशिरा झाला असेल. तारीख तीन महिन्यांपूर्वीची असेल तर माणूस महिनोन् महिने मागे पडतोय. बाकी नसेल तिथे हे सूत्र शून्य देतं आणि शून्याची तारीख १९०० सालाच्या आसपास दिसते. ते पाहून घाबरू नका.

फाईल मोडते ती सूत्रांमुळे कमी आणि टाइप करणाऱ्या हातांमुळे जास्त. मावशीने पहिल्याच आठवड्यात सवयीने 6500/- लिहिलं. एक्सेलला तो आकडा वाटत नाही, शब्द वाटतो, आणि बेरजेत तो धरलाच जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे: रकान्याची मांडणी आपण बदलली नसेल तर आकडा उजवीकडे चिकटतो आणि शब्द डावीकडे. तारखांचंही तसंच. कॉम्प्युटर अमेरिकी पद्धतीवर असेल तर 05/06/2025 म्हणजे ६ मे होतो, आणि 25/06/2025 ला तो तारीखच मानत नाही. कोडमागे चुकून एक स्पेस पडली तरी पैसे कुणाच्याच खात्यावर जात नाहीत. म्हणून कोडच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशनची यादी लावली आहे. कोड निवडायचा, टाइप करायचा नाही. तरीही एका कोपऱ्यात ही चौकट ठेवली आहे:

```
=SUM(Paid!C:C)-SUMPRODUCT(SUMIFS(Paid!C:C,Paid!B:B,Units!A2:A20))
```

इथे शून्याशिवाय काही दिसलं तर एखादी रक्कम अनाथ आहे. 6500/- सारखी चूक मात्र इथे सापडत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा पासबुक आणि रोखीच्या पावत्या घेऊन Paid च्या बेरजेशी ताडून पाहावं लागतं. याला पर्याय मला सापडलेला नाही.

तीन नंबरच्या मुलाला मावशीने त्याच्या ओळी मोबाईलवर दाखवल्या. त्याने दोन्ही जुलैच्या तारखा वाचल्या, मान डोलावली आणि ऑगस्टच्या भाड्याबरोबर हजार रुपये जास्त पाठवले. जुनी वही मावशीने टाकलेली नाही. Paid मध्ये ओळ चढवण्याआधी ती अजूनही त्यात आकडा लिहिते.