इनस्क्रिप्ट की फोनेटिक? ‘काळ’ टाईप करून बघा

मोबाईलवर सरसर मराठी लिहिणारे आपण, कॉम्प्युटरसमोर बसलो की अडतो. तर एकच शब्द घेऊया.

फोनेटिकमध्ये आपण kal असं इंग्रजी स्पेलिंग लिहितो. आता मला काय हवंय? कल, काल, कळ की काळ? सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, आपण यादीतून निवडतो. काही फोनेटिक कीबोर्डांत ळ साठी मोठा L लागतो, काहींत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलात की पुन्हा चाचपडणं आलं!

इनस्क्रिप्टमध्ये स्पेलिंगची भानगडच नाही. k म्हणजे क (हा निव्वळ योगायोग हं), e म्हणजे काना, n म्हणजे ल आणि शिफ्ट धरून n म्हणजे ळ. ‘काल’ला k e n, ‘काळ’ला k e आणि शिफ्ट n. अंदाज नाही, यादी नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. जोडाक्षराला मध्ये d दाबायचं, तो हलन्त: ‘भक्त’मधला क्त म्हणजे k d l.

पण सुरुवातीला हात अडखळतो, हे खरं. मीही पहिले काही दिवस प्रत्येक अक्षर शोधत बसायचो, आणि चिडायचो.

आठवड्यातून एखादा मेल लिहायचा असेल तर फोनेटिक पुरे. रोज पानभर लिहायचं असेल तर नवशिक्यानेही थेट इनस्क्रिप्टच धरावं, असं माझं मत. आधी डाव्या हाताच्या मात्रा बसवा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की दोन्ही कीबोर्ड जोडता येतात. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून अदलाबदल करता येते.