तेरावी ओळ

४ जून २०२४. लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. सुप्याच्या चौकातल्या प्रत्येक दुकानात टीव्ही चालू होता. दुपारी चारच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी मोबाइल हातात धरूनच घरी आला. आता तो इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळी-पर्यवेक्षक आहे. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी साठवलेले सुमारे दहा लाख रुपये त्यानं निफ्टी निर्देशांकाच्या फंडात ठेवले होते. फी भरायला जेमतेम दोन महिने उरले होते.

"सर, त्या कागदावर अकरा हजार लिहिलं होतं. आज एकोणसाठ हजार गेले. आकडा खोटा होता का?"

तो कागद मी पूर्वी पाहिला होता. कोपऱ्यात एक ओळ होती : एका दिवसाचं 'व्हॅल्यू ॲट रिस्क', ९५ टक्के, ११,००० रुपये. एका दिवसात जास्तीत जास्त अकरा हजार जातील, असा अर्थ त्यानं लावला होता. आकडा खोटा नव्हता. पण त्यानं वाचलेलं वाक्य त्या आकड्यात नव्हतंच.

हा आकडा काढायची सर्वांत सोपी रीत मी त्याला वहीवर दाखवली. बाजाराच्या मागच्या २५० दिवसांची यादी घ्यायची. वर्षभरात साधारण तेवढेच दिवस बाजार भरतो. आजचे दहा लाख त्या प्रत्येक दिवशी असते तर किती वाढले किंवा घटले असते, ते दिवसासमोर लिहायचं. मग तारखा विसरून यादी नव्यानं लावायची : सर्वांत मोठा तोटा पहिल्या ओळीत, त्याहून थोडा लहान दुसऱ्या ओळीत, असं खालपर्यंत. २५० चे पाच टक्के म्हणजे साडेबारा. म्हणून तेराव्या ओळीवर बोट ठेवायचं. तिथे ११,००० असेल, तर तेच आपलं जोखीममूल्य. गणिती सूत्रांनी किंवा संगणकावर हजारो काल्पनिक दिवस रचूनही हा आकडा काढतात, पण त्याचा अर्थ बदलत नाही.

आता वाक्य नीट वाचता येतं. येणारे दिवस मागच्या वर्षासारखेच असतील, तर शंभरांतल्या पंचाण्णव दिवशी तोटा ११,००० च्या आत राहील. उरलेल्या पाच दिवशी तो त्याहून जास्त होईल. म्हणजे वर्षात बारा-तेरा वेळा, सरासरी महिन्यातून एकदा, ही रेघ ओलांडली जाणं अपेक्षितच आहे. ११,००० हा वाईट दिवसांचा कळस नाही; वाईट दिवस तिथून सुरू होतात. विहिरीचा काठ कुठे आहे ते या आकड्यानं कळतं, विहीर किती परस आहे ते कळत नाही.

हे पटावं म्हणून मी एक खोडी केली. वहीतल्या पहिल्या ओळीत ३०,००० चा तोटा होता. तो खोडून तिथे तीन लाख लिहिले. "आता तेरावी ओळ बघ." ती जागची हलली नव्हती, अजून ११,००० च. वरच्या बारा ओळींत काय आहे हे या रीतीला दिसतच नाही. म्हणून दोन माणसांचं जोखीममूल्य सारखं असूनही एकाचा वाईट दिवस किरकोळ आणि दुसऱ्याचा घर बुडवणारा असू शकतो.

वरच्या ओळी पाहायची रीतही साधी आहे : त्या बारा तोट्यांची सरासरी काढायची. वहीत त्यांची बेरीज २,१६,००० होती, म्हणजे सरासरी १८,०००. पहिल्या ओळीत तीन लाख लिहिताच बेरीज ४,८६,००० आणि सरासरी ४०,५०० झाली. हा आकडा हलतो. त्याला 'एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल' म्हणतात. जे. पी. मॉर्गन या अमेरिकी बँकेनं १९९४ मध्ये आपली 'रिस्कमेट्रिक्स' पद्धत सर्वांसाठी खुली केली, तेव्हापासून ९५ टक्क्यांचा एकदिवसीय आकडा जगभर रूढ झाला. पुढे बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बाझल समितीनं २०१६ च्या बाजारजोखमीच्या निकषांत जोखीममूल्याची जागा या सरासरीला दिली. कारण हेच, की रेघेपलीकडचं दिसलं पाहिजे.

"पण सर, महिन्यातून एकदाच ना?" त्यानं विचारलं. सरासरी महिन्यातून एकदा, हे खरं. पण वाईट दिवस पगारासारखे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, ते टोळीनं येतात. मी त्याच्यासमोर मार्च २०२० चे आकडे मांडले. ९ मार्चला निफ्टी ४.९ टक्के पडला, १२ ला ८.३, १६ ला ७.६, १७ ला २.५, १८ ला ५.६, १९ ला २.४ आणि २३ मार्चला जवळजवळ १३ टक्के. ९ ते २३ मार्च या काळात बाजार दहा दिवस भरला. त्यांपैकी सात दिवशी दहा लाखांवरचा तोटा ११,००० च्या पलीकडे गेला असता. हिशेबानं अपेक्षित होता दहा दिवसांत अर्धा दिवस.

एका दिवसाच्या आकड्यावरून दहा दिवसांचा काढताना पुष्कळदा त्याला दहाच्या वर्गमुळानं, म्हणजे सुमारे ३.१६ नं गुणतात. उत्तर येतं सुमारे ३४,८००. प्रत्यक्षात ६ मार्चला निफ्टी १०,९८९ वर होता आणि २३ ला ७,६१० वर आला. दहा लाखांतले तीन लाखांहून जास्त गेले. वर्गमुळाच्या युक्तीमागे दोन गृहीतकं असतात : आजच्या पडझडीचा उद्याशी संबंध नाही आणि सगळे दिवस सारखेच खवळलेले किंवा शांत असतात. भीती पसरली की दोन्ही मोडतात. शिवाय हा आकडा धरून चालतो की विकायचं ठरवलं की विकता येईल. २३ मार्चच्या सकाळी घसरण दहा टक्क्यांवर गेली आणि बाजाराचे व्यवहारच ४५ मिनिटं थांबवले गेले.

"मग हा आकडा फेकून द्यायचा का?"

नाही. त्यालाही तपासता येतं. वर्षभरात रेघ किती वेळा ओलांडली ते मोजायचं. बारा-तेराच्या आसपास असेल तर माप ठीक आहे. पंचवीस वेळा असेल, तर यादी जुन्या शांत दिवसांची आहे आणि आजच्या बाजाराला लागू नाही. एकदाही नसेल, तरी खूश होऊ नये. माप उगाच ढिलं आहे. आणि तो कालपरवापेक्षा एकाएकी दुप्पट झाला, तर आपल्या पैशाचं वागणं बदललंय एवढं नक्की कळतं. रोजच्या दिवसांसाठी हे माप चांगलं आहे. फी भरायच्या दिवसासाठी ते बनवलेलंच नाही.

४ जूनला निफ्टी २३,२६४ वरून २१,८८५ वर आला होता, म्हणजे ५.९३ टक्के खाली. ७ जूनच्या शुक्रवारी तो २३,२९० वर बंद झाला. तीन दिवसांत सगळं भरून निघालं. २०२० मध्ये मार्चच्या सुरुवातीची पातळी पुन्हा दिसायला जुलै उजाडला होता. त्या वर्षी त्याला दोन महिन्यांत फी भरायची असती तर काय झालं असतं, हा हिशेब त्यानं माझ्यासमोरच वहीच्या मागच्या पानावर केला.

पुढच्या आठवड्यात त्यानं फीपुरते पैसे काढून बँकेत ठेवले. उरलेले फंडातच आहेत. तो कागद अजून त्याच्याकडे आहे. ११,००० च्या पुढे त्यानं पेनानं एकच शब्द लिहिलाय : 'निदान'. आणि खाली कंसात : 'पाच दिवशी'.