पिटकुळी पुण्यात आली आणि पिवळी पडली

एक्झोरा हे नाव नर्सरीवाल्यांचं. कोकणात हे झाड पिटकुळी म्हणून ओळखलं जातं आणि तिथे कुणी त्याला खत घालत नाही. जांभ्या दगडाच्या कडेला, पावसाने धुऊन आंबट झालेल्या लाल मातीत ते आपलं आपण वाढतं. मुलं त्याच्या लांब नळीच्या फुलातला मध चोखतात आणि पुढे चालू लागतात. तेच झाड पुण्यातल्या बाल्कनीत बारा इंची कुंडीत आलं की वर्षभरात पिवळं पडतं.

मामींच्या कुंडीत असंच झालं. नर्सरीतून आणताना झाडावर सहा-सात तांबडे गुच्छ होते. दुसऱ्या वर्षी एकच आला, तोही मुठीएवढा. मामींनी नेहमीचे उपाय केले. आधी गांडूळखत, मग हाडांचा चुरा, मग वाळवून कुटलेली अंड्यांची टरफलं आणि शेवटी कात्रीने भरपूर छाटणी. झाड आणखी पिवळं झालं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी पाहिलं तेव्हा शेंड्याची पानं जवळजवळ लिंबाच्या रंगाची होती. त्यांच्या शिरा मात्र हिरव्या होत्या, पिवळ्या कागदावर हिरव्या पेनाने जाळी काढावी तशा.

ही जाळी सगळ्यात आधी पाहायची. पिवळेपणा कुठून सुरू झाला यावरून बरंच कळतं. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट होत असतील तर नत्र कमी पडतंय. जुनी पानं कडेकडेने आणि शिरांच्या मधे पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियमकडे पाहावं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक वेळा लोह मिळत नाही. जुन्या पानातलं लोह झाडाला नव्या पानात सहजी हलवता येत नाही, म्हणून उपाशी राहतं ते नवं पान.

खात्री करायची एक सोपी रीत आहे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कृषी सेवा केंद्रात मिळतं. त्याचा अर्धा छोटा चमचा एक लिटर पाण्यात विरघळवायचा, लिंबाचे चार थेंब पिळायचे आणि एका पिवळ्या पानाचा अर्धा भाग त्यात बुडवायचा. मामींच्या पानाचा बुडवलेला अर्धा भाग नवव्या दिवशी हिरवट झाला, उरलेला तसाच पिवळा. लोहाचीच उणीव होती.

पण लाल माती असलेल्या कुंडीत लोह नाही, हे कसं? मातीचा लाल रंगच मुळी लोहाचा. लोह होतं, पण कुलपात. मातीचा सामू, म्हणजे पीएच, सातच्या वर गेला की लोह पाण्यात विरघळेनासं होतं आणि मुळांना ते उचलता येत नाही. एक्झोराला साडेपाच ते साडेसहाच्या आसपासची माती मानवते. एक वाटी माती दोन वाट्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून, निवळून, त्यात सामूची पट्टी बुडवली. आकडा आला आठच्या जवळ. ही मोजपट्टी दहाच्या पटीने चालते, त्यामुळे सहाची माती आठवर गेली म्हणजे आंबटपणा शंभर पटीने उतरला. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाकलं तर बारीक बुडबुडे आले. मातीत चुना साठला होता.

तो आला कुठून? थोडा अंड्यांच्या टरफलांतून, थोडा सिमेंटच्या कुंडीतून. खरा गुन्हेगार पाणी. सोसायटीत बोअरचं पाणी येत होतं, पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरणारं. अशा पाण्यात लिटरमागे पाव ग्रॅम चुनखडीइतका क्षार असणं नवलाचं नाही. रोज एक लिटर, पावसाळ्याचे चार महिने सोडून, म्हणजे वर्षाला साठ ग्रॅम चुनखडी! तळाच्या भोकातून थोडी वाहून जाते असं धरलं तरी बरीच उरते. धरणाचं पाणी या मानाने बरंच मऊ असतं, म्हणून एकाच पेठेत एका घरची पिटकुळी फुलते आणि शेजारची पिवळी पडते.

गंधकाने माती आंबट करता येते. पण जिवाणूंनी गंधकाचं आम्ल करायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि एक ग्रॅम गंधक जेमतेम तीन ग्रॅम चुना मारतो. बुडबुडे येणाऱ्या मातीशी असं भांडत बसण्यापेक्षा ती बदललेली परवडते. आम्ही कुंडी मातीची घेतली. दोन भाग लाल माती, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग जाड वाळू. मुळांभोवतीची जुनी माती हलक्या हाताने झाडली, निम्मी तशीच राहू दिली. गंधकाची भुकटी एक सपाट चमचा वरच्या थरात मिसळली. दर तीन महिन्यांनी सामू पाहून, गरज असेल तरच पुन्हा.

माती सुधारेपर्यंतच्या उपासाला हिराकसची फवारणी, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. द्रावण फिकट हिरवं असेल तोवरच उपयोगाचं. तांबूस झालं की ओतून द्यावं. हिराकस चुनखडीच्या मातीत घालणं मात्र जवळपास वाया जातं, तिथेही त्याला तेच कुलूप लागतं. माती बदलणं शक्यच नसेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागावं. पाण्यात टाकताच गडद लाल होतं ते. स्वस्त मिळणारं ईडीटीए सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही.

मेच्या मध्यावर नवी पानं हिरवी निघाली आणि मगच कात्री हातात घेतली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. एक्झोराचा गुच्छ फांदीच्या टोकाला येतो. टोक कापलं की होऊ घातलेली कळीही जाते. दर पंधरवड्याला गोल आकार देत राहिलं तर झाड फुलायचंच नाही. दुसरीकडे, पानं समोरासमोर जोडीने येतात. जोडीच्या वर कापलं की तिच्या बगलेतून साधारण दोन फांद्या फुटतात, म्हणजे एका गुच्छाच्या जागी दोन. पण ती फूट उपाशी झाडाकडून आली तर पिवळीच येते. मामींच्या आधीच्या छाटणीचं हेच झालं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक फांदी एक तृतीयांश कमी केली. फूट दिसल्यावर खत सुरू केलं. महिन्यातून एकदा छोटा चमचा अमोनियम सल्फेट दोन लिटर पाण्यात, तेही माती ओली असताना. त्यातून नत्र मिळतं आणि माती थोडी आंबटही राहते. हाडांचा चुरा बंद, कारण त्यात चुना आणि स्फुरद दोन्ही, आणि जास्तीचं स्फुरद लोहाला आणखी अडवतं. राखही नको. खताचा हात सैल सुटला तर पानं गडद, तजेलदार होतात आणि कळ्या मात्र थोड्या.

छाटणीपासून अकराव्या आठवड्यात, गणपतीच्या तोंडावर, नऊ गुच्छ होते. पावसाळा संपल्यावर पुन्हा बोअरचं पाणी सुरू होणार म्हणून मामींनी आता पिण्याच्या नळाचं एक कॅन कुंडीसाठी वेगळं ठेवलंय. बाल्कनीच्या फरशीवर हिराकसचे गंजाचे डाग पडलेत, ते काही केल्या जात नाहीत. त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं.